सोयाबीनचं चॅनल, 3,412 तास, आणि तास मागं चाललेत. जाहिरातीचे पैसे कधी चालू व्हतील?

तेरणाकाठ | 28 जून, रात्री 9:40

राम राम मंडळी. मी औसा तालुक्यातला. साडेचार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. दोन वर्षांपासून शेतीचं यूट्यूब चॅनल चालवायलो. 41 मोठे व्हिडिओ, 90 च्या आसपास शॉर्ट्स, 1,870 सबस्क्रायबर. मोबाईल एकच, माईक 900 रुपयांचा.

1,000 सबस्क्रायबर कधीच झाले. अडकलंय ते 4,000 तासांवर. 15 जूनला अर्न टॅबमध्ये 3,488 तास दिसत होते. मला वाटलं, पेरणीचे दिवस आहेत, लोक बघायलेत, पंधरा दिवसांत निम्मं अंतर तुटेल. आज बघतो तर 3,412. वाढायच्या ऐवजी 76 तास कमी झाले. एकही व्हिडिओ उडवला नाही, कुठली स्ट्राइक नाही.

तास का कमी व्हायलेत, आणि माझ्यासारख्याला खरंच पैसे कधी सुरू व्हतात, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. घरी आई विचारते, मला काय सांगावं कळंना.

---

कपाशीवाला | 28 जून, रात्री 10:05

भाऊ, शॉर्ट्स वाढव. माझं बी कपाशीचं चॅनल आहे सेलूकडं. रोज दोन शॉर्ट्स टाकले तर दीड महिन्यात स्टुडिओत वॉच टाइम 600 तासांनी वाढला. मोठ्या व्हिडिओला कोण थांबतं आता?

---

बालाघाट | 28 जून, रात्री 10:31

यूट्यूब अधूनमधून खोटे व्ह्यूज काढून टाकतं, त्याचे तास जात असतील. आमच्या पाटोद्याकडं एका पोरानं घरातले चार मोबाईल रात्रभर स्वतःच्याच व्हिडिओवर लावून ठेवले होते. पंधरा दिवस आकडा वाढला, मग एका दिवसात सगळा खाली आला. तेरणाकाठ दादा, तुम्ही तसं काही केलंय असं म्हणत नाही, पण घरच्या कुणी हौसेनं लावलं असंल तर विचारा.

---

जिंतूरचे मास्तर | 29 जून, सकाळी 6:50

तेरणाकाठ, तुमचं काहीही चुकलेलं नाही. 4,000 तास म्हणजे चॅनल सुरू झाल्यापासूनचे तास नव्हेत. ते मागच्या 365 दिवसांचे आहेत, आणि ही खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. आज मिळालेले तास आत येतात, त्याच वेळी गेल्या वर्षी याच तारखेला मिळालेले तास बाहेर पडतात. गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात तुमचा एखादा व्हिडिओ चांगला चालला असणार. त्याचे दिवस आता खिडकीतून बाहेर चाललेत.

कपाशीवाला, तुमचे 600 तास खरे आहेत, पण ते ॲनालिटिक्समधले. तिथे सगळाच वॉच टाइम दिसतो. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ 4,000 तासांत धरत नाहीत. तुमचा अर्न टॅब उघडा, तिथला आकडा वेगळा असेल. शॉर्ट्ससाठी वेगळी वाट आहे, 90 दिवसांत एक कोटी व्ह्यूज. कपाशीच्या चॅनलला ती कितपत जमेल हे तुम्हीच ठरवा.

तेरणाकाठ, मला दोन गोष्टी हव्यात. ॲनालिटिक्समध्ये तारखा गेल्या वर्षीच्या 1 जून ते 31 जुलै अशा लावा, शॉर्ट्स वगळून फक्त मोठे व्हिडिओ घ्या, आणि कोणत्या दिवशी किती तास मिळाले ते सांगा. दुसरं, सध्या रोज सरासरी किती तास मिळतात?

(मी दहावीच्या गणिताचं चॅनल चालवतो, 2021 पासून जाहिराती सुरू आहेत.)

---

कपाशीवाला | 29 जून, सकाळी 8:12

मास्तर, बघितलं. अर्नमध्ये 214 तास. दीड महिन्याची मेहनत तिथं दिसतच नाही की. बरं झालं आत्ताच कळलं.

---

गंगाखेडचा टाळकरी | 29 जून, सकाळी 9:30

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण पैशाचाच आहे म्हणून इथेच विचारतो. आमचं कीर्तनाचं चॅनल आहे. 6,200 सबस्क्रायबर, तास 11,000 च्या वर. महाराजांची परवानगी घेऊन मी स्वतः कॅमेरा लावतो, दोन-दोन तासांचं कीर्तन पूर्ण टाकतो. अर्ज केला, तीन आठवड्यांनी नकार आला. कारण लिहिलंय ‘रियुज्ड कंटेंट’. माझं स्वतःचं शूटिंग असून दुसऱ्याचं कसं काय झालं?

---

तेरणाकाठ | 29 जून, दुपारी 1:15

मास्तर, दुपारच्या सुट्टीत बसून काढलं.

गेल्या वर्षी जूनच्या मधोमध सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासायचा व्हिडिओ टाकला होता. गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे तो. त्यानं 15 ते 28 जून रोज 13 तासांच्या आसपास दिले. सध्या रोज 8 तास यायलेत. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच, 8 आत अन् 13 बाहेर.

पण खरी गोष्ट पुढं आहे. गेल्या वर्षी 5 जुलैला शंखी गोगलगायीचा व्हिडिओ टाकला. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट बांधावर टाकायचं, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या नाहीतर चुन्याच्या पाण्यात टाकायच्या. तुम्हाला आठवत असंल, 2022 ला आमच्या लातूर, धाराशिव, बीडमध्ये गोगलगायीनं पेरण्या खाल्ल्या, तेव्हापासून जुलै आला की लोक घाबरतात. तो व्हिडिओ पळाला. 6 ते 12 जुलै या सात दिवसांत चॅनलला 520 तास मिळाले, 6 ते 31 जुलै मिळून 1,190.

आता हे सगळे बाहेर पडणार का?

---

जिंतूरचे मास्तर | 29 जून, रात्री 8:20

हो, पडणार. तुमच्याच आकड्यांनी मांडतो.

5 जुलैपर्यंत तुम्ही साधारण 3,400 वरच राहाल. 6 जुलैपासून सात दिवसांत 520 बाहेर जातील आणि रोजचे 8 धरून 56 आत येतील. म्हणजे 12 जुलैला तुम्ही 2,940 च्या जवळ असाल. 31 जुलैपर्यंत आकडा 2,400 वर येईल. यंदा गोगलगाय आली आणि जुना व्हिडिओ परत चालला तर थोडं सावरेल, पण त्याच्या भरवशावर बसू नका. आणि आजपासून सहा-सात दिवसांत 588 तास जमवून 4,000 गाठणं होणार नाही. ती धावपळ करू नका.

मात्र तुमच्या हातात एक गोष्ट आहे, आणि तिला मुदत आहे. 2023 मध्ये यूट्यूबनं पार्टनर प्रोग्रॅमला खालची एक पायरी जोडली. 500 सबस्क्रायबर, मागच्या 12 महिन्यांत 3,000 तास, आणि मागच्या 90 दिवसांत तीन पब्लिक व्हिडिओ. सबस्क्रायबर आणि तासांच्या अटीत तुम्ही आज बसता. 12 जुलैनंतर बसणार नाही.

या पायरीवर जाहिरातीचे पैसे मिळत नाहीत हे आधीच सांगतो. सुपर थँक्स, मेंबरशिप असल्या प्रेक्षकांनी द्यायच्या पैशाच्या सोयी मिळतात, त्यातले 70 टक्के तुमचे. शेतकरी प्रेक्षकाकडून त्यात फार काही येणार नाही. तरी अर्ज कराच. चॅनलची तपासणी आत्ताच होऊन जाते. पुढे 4,000 गाठलेत की नव्याने सगळा अर्ज करावा लागत नाही, जाहिरातीचा करार तेवढा मान्य करायचा. शिवाय अर्ज करताना अट पूर्ण असली की तपासणीच्या काळात तास खाली आले तरी अर्ज बाद होत नाही, आणि एकदा आत गेल्यावर तास घटले म्हणून कुणी बाहेर काढत नाही. सहा महिने काहीच टाकलं नाही, तर मात्र काढू शकतात.

मागच्या 90 दिवसांत किती व्हिडिओ टाकलेत?

---

तेरणाकाठ | 29 जून, रात्री 9:02

दोनच. एप्रिल-मे बहिणीच्या लग्नात गेला. उद्या सकाळी रानात जाऊन तिसरा करतो. गोगलगायीचाच करतो, पाऊस व्हायच्या आधी बांध कसा साफ ठेवायचा ते.

---

उदगीरची वहिनी | 29 जून, रात्री 10:18

तेरणाकाठ भाऊजी, तुमचं वाचून माझी येळवस आठवली. माझं स्वयंपाकाचं चॅनल आहे. दरवर्षी येळवसेच्या आधी आठ दिवस माझा भज्जी-आंबिलीचा व्हिडिओ लातूर, धाराशिव आणि पुण्यात राहणारे आपलेच लोक बघतात. पहिल्या वर्षी त्या आठ दिवसांत 700 तास झाले. मी खूश. दुसऱ्या वर्षी येळवस अठरा-एकोणीस दिवस उशिरा आली, अमावास्या ना ती, तारीख बदलते. तर जुने 700 आधी गेले आणि नवे नंतर आले. मधल्या दिवसांत मी रडायला आले होते, वाटलं चॅनल बसलं.

अर्ज लगेच करा, आणि मोबाईलवर गूगल खात्याचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू आहे का ते आधी बघा. माझा त्याच्यामुळं एक दिवस गेला होता.

---

सातासमुद्रापार | 30 जून, पहाटे 5:45

मूळचा परंड्याचा, आता बाहेर असतो. मला या सगळ्या धडपडीबद्दल थोडं वेगळं म्हणायचं आहे. मराठी शेतीच्या चॅनलवर हजार व्ह्यूजमागे हातात किती येतं, हे आधी कुणीतरी सांगावं. माझ्या मते तेरणाकाठ यांनी जाहिरातीचा नाद सोडावा. ते घरचं सोयाबीनचं बियाणं तयार करतात असं दिसतं. 1,870 सबस्क्रायबरांपैकी चाळीस जणांनी एकेक बॅग नेली तरी जाहिरातीच्या तीन वर्षांच्या कमाईपेक्षा जास्त होईल.

---

उदगीरची वहिनी | 30 जून, दुपारी 2:40

मी सांगते, माझं लपवण्यासारखं काही नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये माझ्या चॅनलवर जाहिराती सुरू झाल्या. महिन्याला 11,000 च्या आसपास व्ह्यूज यायचे. हजार व्ह्यूजमागे मला 45 रुपये पडायचे, यूट्यूबचा हिस्सा कापून. म्हणजे महिन्याला पाचशे रुपये, सहा डॉलर. आणि 100 डॉलर झाल्याशिवाय ते पैसे पाठवत नाहीत. पहिले पैसे बँकेत आले ऑगस्ट 2023 मध्ये, 104 डॉलर. अठरा महिने लागले. त्या पैशातून मी मिक्सर घेतला.

त्यात पिनचा घोळ झाला तो वेगळा. 10 डॉलर झाले की गूगल घरच्या पत्त्यावर पोस्टानं एक कागद पाठवतं, त्यावरचा पिन टाकून पत्ता पक्का करायचा असतो. मी पत्त्यात फक्त गावाचं नाव आणि तालुका लिहिला होता. दोन महिने कागद आलाच नाही. चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिराती थांबतात, म्हणून जीव टांगणीला. दुसरा पिन मागवला तेव्हा सासऱ्यांचं नाव, गल्ली, मारुती मंदिराजवळ, आणि माझा मोबाईल नंबर असं सगळं पत्त्यात घातलं, पोस्टमनकाकांना घरी बोलावून चहा पाजून सांगून ठेवलं की इंग्रजी पाकीट येईल. ते तेवीस दिवसांनी आलं. पाकीट साधं पांढरं असतं, रजिस्टर नसतं, घरात कुणी रद्दीत टाकू नये.

---

जिंतूरचे मास्तर | 30 जून, रात्री 9:15

माझ्याकडे हजारी 35 च्या आसपास पडतात, परीक्षेच्या आधी थोडे वाढतात. वहिनींचे 45. शेतीला मध्ये 40 धरू.

सातासमुद्रापार, तुमचा हिशेब चूक नाही. 4,000 तास म्हणजे रोजचे अकरा तास. तेरणाकाठ यांच्या व्हिडिओवर माणूस सरासरी तीन मिनिटं दहा सेकंद थांबतो असं त्यांच्या चॅनलवरून धरलं, तर अकरा तासांना रोज 210 च्या जवळ व्ह्यूज लागतात. महिन्याला 6,300. हजारी 40 नं 250 रुपये. 100 डॉलर म्हणजे आजच्या भावानं साडेआठ हजारांच्या वर. म्हणजे नुसतं पात्रतेच्या काठावर उभं राहिलं तर पहिले पैसे यायला जवळजवळ तीन वर्षं. काठावर पात्र होणं आणि पैसे मिळणं यात एवढं अंतर आहे, ते तेरणाकाठ यांनी आईला मोकळेपणानं सांगावं. महिन्याला 25,000 व्ह्यूज झाले तर हजार रुपये महिना आणि नऊ महिन्यांत पहिली रक्कम.

पण बियाण्याबद्दल मी सहमत नाही, निदान अर्धा. ज्याचं चॅनल लोक विश्वासानं बघतात तोच बियाणं विकू शकतो, आणि ते प्रेक्षक जमायलाही हीच वर्षं लागतात. दोन्ही गोष्टींची वाट एकच आहे.

---

सातासमुद्रापार | 30 जून, रात्री 11:50

ते मान्य. माझा मुद्दा एवढाच की 4,000 च्या आकड्यापायी माणसानं व्हिडिओ लांबवू नयेत. मी कितीतरी मराठी चॅनल बघतो, दोन मिनिटांची गोष्ट आठ मिनिटांची केलेली, कारण आठ मिनिटांपुढे मधल्या जाहिराती घालता येतात. शेतकरी रानात उभा राहून, फवारणीच्या मध्ये बघत असतो. तो निघून जातो.

---

तेरणाकाठ | 1 जुलै, सकाळी 7:30

तिसरा व्हिडिओ काल संध्याकाळी टाकला. आज सकाळी अर्न टॅबमध्ये अर्जाचं बटण आलं. केला. तास 3,409.

आईला तीन वर्षांचं सांगितलं. ती म्हणाली, तीन वर्षं तर डाळिंबाला बी लागतात.

---

बालाघाट | 1 जुलै, सकाळी 8:05

आईंना दंडवत.

---

गंगाखेडचा टाळकरी | 2 जुलै, सकाळी 10:00

माझ्या प्रश्नाकडं कुणी बघेल का? 11,000 तास असून बाहेर बसलोय.

---

जिंतूरचे मास्तर | 2 जुलै, रात्री 8:40

टाळकरी बुवा, माफ करा, राहून गेलं. तुमचं चॅनल बघितलं. तपासणारा माणूस सगळे व्हिडिओ बघत नाही. चॅनलचा मुख्य विषय, सगळ्यात जास्त बघितलेले, नवे, आणि ज्यावर जास्त तास आहेत ते व्हिडिओ, शीर्षकं, चॅनलची माहिती, एवढं बघतो. तुमच्या चॅनलच्या माहितीत एक ओळसुद्धा नाही. कॅमेरा तुमचा, परवानगी तुमची, हे त्याला कुठून कळणार? तेच महाराज आणखी दहा चॅनलांवर आहेत, तोच मंडप, तेच अभंग.

नकार येऊन 21 दिवस झाले नसतील तर अपील करता येतं, अपिलात व्हिडिओ करून तुम्ही चित्रीकरण कसं करता ते दाखवता येतं. तसं नसेल तर पहिल्या नकारानंतर 30 दिवसांनी पुन्हा अर्ज. दुसऱ्यांदा नकार आला तर 90 दिवस थांबावं लागतं, म्हणून घाई नको.

---

गंगाखेडचा टाळकरी | 2 जुलै, रात्री 9:25

नकार येऊन बारा दिवस झालेत. पण तुम्ही म्हणता ती दहा चॅनल माझ्याच व्हिडिओतून कापून घेतात. चोर आत आणि मी बाहेर. कीर्तनाच्या आधी मी दोन शब्द बोलायला लागलो, कुठल्या गावचा सप्ताह, कोणता अभंग, तर ते माझं धरतील का?

---

जिंतूरचे मास्तर | 2 जुलै, रात्री 10:10

धरतील अशी आशा आहे, खात्री देणार नाही. गाव, सप्ताह, अभंग आणि तुम्ही स्वतः दिसणं, यानं फरक पडतो. पण दोन तासांच्या कीर्तनापुढे दोन मिनिटांचं बोलणं पुरेल का, यावर मी दोन माणसांची दोन वेगळी फळं पाहिली आहेत. अपिलाचा व्हिडिओ मात्र मंडपातच करा, कॅमेरा, तिपाई, वायरी सगळं दाखवून.

---

कपाशीवाला | 3 जुलै, रात्री 9:00

आमच्याकडं तालुक्याच्या गावी एक मोबाईल दुकानवाला 4,000 तास पूर्ण करून देतो म्हणतोय, अडीच हजारांत. कुणी घेतलंय का?

---

बालाघाट | 3 जुलै, रात्री 9:12

वर चार मोबाईलचं लिहिलंय ते वाचा परत. हा माणूस चाळीस मोबाईल लावतो, एवढाच फरक. नुसते तास गेले तर वाचलात, चॅनलवर कायमची बंदी बसली तर कपाशीचे सगळे व्हिडिओ गेले.

---

बँकेत असतो | 5 जुलै, संध्याकाळी 7:20

धागा उशिरा पाहिला. पैसे येण्याच्या टप्प्यावर दोन गोष्टींत आपल्याकडचे लोक अडकतात, म्हणून लिहितो. पैसे परदेशातून वायर ट्रान्सफरनं येतात, त्याला आयएफएससी पुरत नाही, स्विफ्ट कोड लागतो. गावातल्या शाखेला तो बहुतेक नसतो. बँकेच्या जिल्ह्याच्या किंवा मुंबईच्या ज्या शाखेत परकीय चलनाचं काम चालतं तिचा कोड शाखेतून लिहून घ्या, इंटरनेटवरून उचलू नका. आणि खात्यावरचं नाव ॲडसेन्सवरच्या नावाशी अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांच्या खात्यावर घेतो म्हणणारे परत जातात.

दुसरं, अमेरिकेच्या कराचा फॉर्म. W-8BEN. पॅन नंबर टाकून भरा, भारताशी करार आहे तो निवडा. मग फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर 15 टक्के कापतात, औशाच्या चॅनलला ते दोन-चार रुपये असतील. फॉर्म भरलाच नाही तर सगळ्या कमाईतून 24 टक्क्यांपर्यंत कापू शकतात.

---

तेरणाकाठ | 21 जुलै, रात्री 10:00

मंडळी, परवा मेल आला. चॅनल मंजूर झालं. अर्जाला अठरा दिवस लागले.

आजचे तास 2,640. मास्तरांनी सांगितलं तसंच खाली आलं, पण यंदा पावसाला खंड पडला नाही, गोगलगाय आली आणि जुना व्हिडिओ परत चालला, म्हणून थोडं बरं राहिलं. 1 तारखेला अर्ज केला नसता तर आज ते बटणच दिसलं नसतं.

पहिलं सुपर थँक्सही आलं, 40 रुपये, किल्लारीच्या एका काकांकडून. त्यांनी लिहिलं, गोणपाटानं एका रात्रीत दीड बादली गोगलगायी निघाल्या.

आता माझा मूळ प्रश्न परत विचारतो. 2,640 वरून 4,000 कसे व्हायचे? मला दर जुलैत असा एक व्हिडिओ पळवता येणार नाही.

---

जिंतूरचे मास्तर | 22 जुलै, सकाळी 6:40

अभिनंदन. एक काम करा. मागच्या 28 दिवसांचे नव्हे, जानेवारी ते मार्चचे तास काढा. त्या वेळी सोयाबीन नाही, गोगलगाय नाही. तेव्हा कोणते व्हिडिओ चालले?

---

तेरणाकाठ | 22 जुलै, रात्री 9:30

रोज सहा तास होते. त्यातले चार एकाच व्हिडिओचे! फवारणीचा बॅटरी पंप चालू होतो पण पाणी मारत नाही, तो घरी कसा खोलायचा. मी तो सहज केला होता, आमचा पंप बिघडला म्हणून. सात मिनिटांचा आहे, लोक साडेचार मिनिटं थांबतात. कमेंट बघतो तर नाशिकची, सांगलीची, यवतमाळची माणसं.

---

जिंतूरचे मास्तर | 22 जुलै, रात्री 10:05

तुमचं उत्तर त्यात आहे. गोगलगायीचा व्हिडिओ लोकांना समोर आला म्हणून त्यांनी बघितला, पंपाचा व्हिडिओ लोक शोधत येतात. ट्रॅफिकमध्ये बघा, ‘यूट्यूब सर्च’ मोठं दिसेल. पंप महाराष्ट्रभर बिघडतो आणि बारा महिने बिघडतो. हंगामी व्हिडिओचे तास पुढच्या वर्षी त्याच दिवशी परत जातात. रोज चार तास देणाऱ्याचे चार जातात आणि चार येतात, आकडा हलत नाही. तसे तीन व्हिडिओ झाले की तुमचे अकरा-बारा तास रोजचे झाले.

---

उदगीरची वहिनी | 23 जुलै, सकाळी 11:10

मास्तर बरोबर सांगतात. माझं चॅनल येळवसेनं नाही उचललं, कडक भाकरीनं उचललं. भाकरी का चिरते, पीठ जुनं झालं की काय करायचं, हे बाया रोज शोधतात.

---

कपाशीवाला | 23 जुलै, दुपारी 3:30

तेरणाकाठ भाऊ, एचटीपी पंपाचा करा ना. माझा महिन्यापासून प्रेशर धरंना. व्हिडिओ केला की पहिला मीच बघतो.

---

तेरणाकाठ | 30 सप्टेंबर, रात्री 9:15

दोन महिन्यांचा हिशेब द्यायचा होता म्हणून आलो.

पंपाचे चार व्हिडिओ केले. बॅटरी पंपाचं चार्जिंग, नोझल गळणं, एचटीपीचं प्रेशर (कपाशीवाला भाऊंचा पंप खरंच आणून खोलला, आतला वॉशर झिजला होता), आणि तुषारच्या नोझलमधला कचरा. पहिला आणि तिसरा चांगले चाललेत, नोझलचा अजिबात चालला नाही. मागच्या 30 दिवसांची सरासरी रोज 9.6 तास. एकूण तास 2,590.

एवढं करून जुलैपेक्षा 50 नं कमीच. काय चुकतंय?

---

जिंतूरचे मास्तर | 1 ऑक्टोबर, सकाळी 6:55

चुकत काही नाही. जुलैअखेरचे मोठे दिवस बाहेर गेले, ते तुमच्या नव्या तासांनी भरून काढले, नाहीतर 2,400 च्या खाली असता. आता खरा चढ सुरू होतो, कारण आजपासून बाहेर जाणारे दिवस गेल्या वर्षीच्या हिवाळ्यातले आहेत, रोज सहा तासांचे.

9.6 मधून 6 गेले, रोज 3.6 ची भर. तुम्हाला हवेत 1,410. या वेगानं वर्ष उलटून जाईल, आणि 9.6 हे वर्षभर धरले तरी 3,500 च होतात, 4,000 कधीच नाहीत. रोजचे 12 केलेत तर भर 6 ची होते, आणि 235 दिवस लागतात. म्हणजे मेअखेर, पुढच्या पेरणीच्या तोंडावर. हा माझा अंदाज. तुम्हाला आणखी एक तसा व्हिडिओ हवा आहे, रोज अडीच तास देणारा.

---

गंगाखेडचा टाळकरी | 1 ऑक्टोबर, सकाळी 9:40

माझं अपील फेटाळलं. आता मंडपात स्वतः उभं राहून प्रत्येक कीर्तनाआधी बोलतो, शेवटी त्या गावच्या टाळकऱ्यांना बोलतं करतो. जुने 60 व्हिडिओ तसेच आहेत, ते काढावेत की ठेवावेत? काढले तर 11,000 मधले 9,000 तास जातात.

---

जिंतूरचे मास्तर | 1 ऑक्टोबर, रात्री 8:30

काढू नका अजून. काढलेल्या आणि प्रायव्हेट केलेल्या व्हिडिओचे तास मोजत नाहीत, परत 4,000 गाठायची धडपड सुरू होईल. नवे पंधरा-वीस होऊ द्या, ते सगळ्यात वर दिसतील असं चॅनलचं पान लावा, मग अर्ज करा. कुणाचा असाच अनुभव असेल तर लिहा, मला यात अजून पक्कं सांगता येत नाही.

---

तेरणाकाठ | 1 ऑक्टोबर, रात्री 9:50

मास्तर, अडीच तासांचा व्हिडिओ शोधायलोय. आज मळणी चालू होती, मळणीयंत्रातून सोयाबीनचा दाणा फुटायला लागला, ड्रमचे फेरे कमी केल्यावर थांबला. तिथंच उभं राहून मोबाईल लावला. पाच मिनिटांचा झालाय. उद्या सकाळी टाकतो, आणि हरभरा पेरताना पेरणीयंत्राच्या नळ्या तुंबल्या तर त्याचाही करतो.